मुलाखतपूर्व गप्पा

मुलाखतपूर्व गप्पा : गावातील वयोवृद्ध व्यक्तीकडून माहिती घेण्यासाठी गेलेल्या अभ्यासकाने, ठरवून आणलेले प्रश्न विचारण्याआधी, तिच्याशी केलेले मोकळे आणि विषयाला थेट न भिडणारे बोलणे. मौखिक इतिहास, मानवशास्त्र, लोकसाहित्य आणि बोलीभाषांचा अभ्यास या क्षेत्रांत ही रीत रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार सोलापूर जिल्ह्यातील गावांच्या आणि विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी नोंदवण्याच्या संदर्भात केला आहे.

या गप्पांचा हेतू समोरच्या माणसाला ‘मोकळे करणे’ हा असतो, असे सहसा सांगितले जाते. ते अपुरे आहे. सोलापूरकडच्या गावात म्हातारी माणसे मुळात अबोल नसतात. पहिल्या पंधरावीस मिनिटांत खरी मुलाखत आलेल्या पाहुण्याची चाललेली असते. ‘कुठलं गाव म्हणायचं?’, ‘आडनाव काय?’, ‘इकडं कुणाकडं आलाव?’, ‘कुठल्या खात्याचं?’ हे प्रश्न क्रमाने येतात आणि त्यांतला शेवटचा सर्वांत महत्त्वाचा असतो. कागद आणि पेन घेऊन घरी येणारा माणूस गावाने आजवर तलाठी, ग्रामसेवक, बँकेचा वसुली अधिकारी, जनगणनेचा शिक्षक किंवा नुकसानीचा पंचनामा करणारा कर्मचारी म्हणून पाहिलेला असतो. पाहुणा त्यांपैकी कोणत्या रांगेत बसतो, हे ठरेपर्यंत मिळणारी उत्तरे त्या त्या खात्यासाठी तयार केलेली असतात. योजनेचा माणूस समजला गेला, तर हाल वाढवून सांगितले जातात. मोजणीचा किंवा वसुलीचा समजला गेला, तर जमीन आणि जनावरे कमी होतात.

अशी उत्तरे ओळखता येतात. त्यांत ‘मी’ ऐवजी ‘आमाला’ आणि ‘गरिबाला’ असे शब्द येतात, वाक्ये अर्जातल्यासारखी होतात आणि प्रत्येक हकिकत ‘मिळालं नाही’ या शब्दांवर थांबते. त्यामुळे आपण कोण आहोत, हे गप्पांच्या आरंभीच साध्या शब्दांत सांगावे लागते : विद्यापीठात शिकतो, जुन्या दुष्काळाच्या आठवणी लिहून घेतो, यातून पैसा किंवा योजना काही मिळणार नाही. हे शेवटचे वाक्य संमतिपत्रावर सहीच्या वेळी वाचून दाखवण्यासाठी राखून ठेवणे ही मोठी चूक आहे, कारण तोवर अर्धी मुलाखत अर्ज म्हणून सांगून झालेली असते. आडनावाच्या आणि गावाच्या प्रश्नांतून जातीची चौकशी होत असते, हेही खरे आहे. उत्तर खरे द्यावे, पण त्यावर चर्चा वाढवू नये आणि आपण उलट तोच प्रश्न विचारू नये.

वेळ आणि जागा यांची निवड याच पायरीत मोडते. जिल्ह्याच्या मोठ्या भागात मुख्य पीक रब्बी ज्वारीचे, म्हणजे शाळूचे असते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पेरणीत आणि फेब्रुवारीच्या आसपास काढणीत घरात कोणाला सवड नसते. हुरड्याचे दिवस, म्हणजे डिसेंबर-जानेवारी, मात्र बोलण्याला अनुकूल असतात. जागा म्हणून देवळाजवळचा पार सोयीचा वाटला, तरी तिथे चार जण जमतात आणि म्हाताऱ्याच्या आठवणीचे गावाच्या आठवणीत रूपांतर होते. घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, किंवा रानातली वस्ती बरी. आल्यावर पुढे केलेले पाणी घ्यावे. ते नाकारणे घराचा अपमान समजला जातो आणि काही घरांत त्या नकाराला जातीचा जुना अर्थ चिकटलेला असतो. संबोधन आबा, अण्णा, तात्या, आज्जी यांपैकी घरातली माणसे वापरतात तेच घ्यावे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कन्नड बोलणाऱ्या घरांत ते ‘अज्जा’ किंवा ‘अव्वा’ असू शकते आणि तसे कानावर पडले, तर मुलाखत कोणत्या भाषेत घ्यायची याचा निर्णयही तिथेच घ्यावा लागतो.

गप्पांचा विषय कोणताही चालत नाही. तो विचारणाऱ्याला कमी आणि सांगणाऱ्याला जास्त ठाऊक असलेला, उत्तरात चूक होण्याचे भय नसलेला आणि मूळ विषयाच्या शेजारचा असावा. मंगळवेढा तालुक्यातील एका गावी ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याकडे दुष्काळाविषयी विचारायचे आहे, असे उदाहरण घेऊ. ‘दुष्काळात काय खाल्लं?’ या प्रश्नाने आरंभ केला, तर ‘काय खाणार, हाल झाले’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी दारातल्या कडब्याच्या गंजीकडे पाहून ‘आबा, यंदा शाळू कसा हाय?’ असे विचारले, की पाऊस केव्हा पडला, ओल किती टिकली, मालदांडी घेतली की दुसरे बियाणे, या गोष्टी ओघाने येतात. तिथून भाकरीवर जाणे सोपे असते. काळ्या रानातल्या शाळूची भाकरी आणि दुकानातल्या ज्वारीची भाकरी यांत फरक काय, असे विचारले की पुष्कळदा म्हातारा स्वतःच म्हणतो, ‘आमी तर मिलूची खाल्ली.’ मिलो म्हणजे त्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली आणि रेशनवर मिळालेली तांबडी ज्वारी. आठवणीच्या दारापर्यंत विचारणाऱ्याने नेले, पण दार सांगणाऱ्याने उघडले, हा यातला महत्त्वाचा भाग आहे.

मिलो, सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटला जाणारा कोरडा आहार, त्या कामांवरचे खडी फोडणे, पाझर तलावाचे काम हे शब्द विचारणाऱ्याने गप्पांत आधी उच्चारू नयेत. ‘तुम्हाला सुकडी मिळायची ना?’ या प्रश्नाला जवळजवळ नेहमीच ‘हो’ असे उत्तर येते आणि ती आठवण त्याची स्वतःची, की नंतर ऐकलेली, हे कधीच ठरवता येत नाही. गप्पा मारताना सावधपणा सुटतो, म्हणून ही चूक ठरलेल्या प्रश्नांपेक्षा गप्पांतच अधिक होते.

गप्पांचा दुसरा उपयोग कालगणनेचा आहे. बोलण्यात ‘बहात्तरचा दुष्काळ’ हे एका वर्षाचे नाव नसते. १९७० पासून पाऊस कमी होत गेला आणि १९७३ च्या पावसाळ्यापर्यंत टंचाईची कामे चालू होती. तो सगळा काळ त्या एका आकड्यात मावतो. शिवाय १९८६-८७, २००३ आणि २०१२-१३ यांच्या आठवणी त्यात मिसळतात. त्यांना वेगळे करण्याची एक खूण बोलण्यातच सापडते : बहात्तरचा दुष्काळ धान्याचा होता आणि २०१२-१३ चा पिण्याच्या पाण्याचा, असे जुनी माणसे सांगतात. सलग वर्णनात टँकर आणि चारा छावणी यांवर भर येऊ लागला, तर अलीकडचे वर्ष मिसळल्याचा संशय धरून पुढे त्याविषयी वेगळे विचारावे. जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. त्या पिढीतील पुष्कळांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिलेली असते. ‘थोरली तवा रांगत हुती’ असे गप्पांत सुटून गेलेले वाक्य आधार कार्डापेक्षा जास्त कामाचे ठरते. उजनी धरणात पाणी अडले ते १९८० च्या सुमाराला आणि किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. अशा दोन-तीन घटनांच्या आधी की नंतर, हे थोरल्या मुलीच्या लग्नाशी किंवा बैलजोडीच्या खरेदीशी जोडून घेतले, की पुढच्या मुलाखतीसाठी एक कच्चे कालपत्रक तयार होते.

याच वेळी ऐकू किती येते, कोणत्या कानाने येते, दात नसल्यामुळे कोणते उच्चार अस्पष्ट होतात आणि माणूस किती वेळाने थकतो, हेही कळते. ध्वनिमुद्रणाचे यंत्र कोणत्या बाजूला ठेवायचे, हे त्यावर ठरते.

गप्पा फार रंगल्या, तर त्यांचाच तोटा होतो. सर्वांत चांगली हकिकत यंत्र चालू होण्यापूर्वीच सांगून होते आणि नंतर विचारल्यावर ‘मगाशी सांगितलं की’ असे म्हणून तिची दोन वाक्यांत बोळवण होते. दुसऱ्या कथनात क्रम नीट असतो, पण माणसांची नावे, संवाद आणि अंगावर काटा आणणारे तपशील गळालेले असतात. म्हणून मूळ विषयाची आठवण येऊ लागताच बोलणे न तोडता थांबवावे : ‘आबा, हे मला नीट ऐकायचंय, हे यंत्र लावू का?’ असे विचारून परवानगी घ्यावी, यंत्र समोर ठेवावे आणि त्याच वाक्यापासून पुन्हा सांगायला सांगावे. यंत्र आधीपासून गुपचूप चालू ठेवणे हा यावरचा उपाय नाही. तो विश्वासघात आहे, आणि छोट्या गावात तो संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतो. संमतीपूर्वी ऐकलेल्या गोष्टीही आपोआप नोंद होत नाहीत. त्या वापरायच्या असतील, तर मुलाखतीच्या अखेरीस त्या वाचून दाखवून स्वतंत्रपणे विचारावे लागते. एखाद्या भाऊबंदकीचा उल्लेख चहाच्या वेळी झाला असेल आणि नंतर नको म्हटले गेले असेल, तर तो वहीतून काढावा.

गप्पांतून प्रश्नांकडे वळण्याची वेळ घड्याळावरून ठरत नाही, पण तिच्या खुणा असतात. म्हातारा पाहुण्याला प्रश्न विचारणे थांबवतो, टेकून बसतो, पानाचा बटवा काढतो किंवा स्वतःहून ‘तवा’ या शब्दाने वाक्य सुरू करतो. याउलट तो वारंवार दाराकडे पाहत असेल, ‘आणि काय?’ असे विचारत असेल किंवा उत्तरे मुलाकडे ढकलत असेल, तर पाहुण्याची ओळख अजून पटलेली नसते. अशा वेळी प्रश्नांची यादी बाहेर काढण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी येण्याचे ठरवणे श्रेयस्कर. पहिली भेट केवळ गप्पांची आणि दुसरी मुलाखतीची, ही विभागणी वेळखाऊ असली तरी प्रस्तुत लेखकाच्या मते ऐंशीच्या पुढच्या माणसांसाठी तीच योग्य आहे. अर्ध्या तासाच्या गप्पांवर दीड तासाचे प्रश्न चढवले, की शेवटची उत्तरे केवळ पाहुण्याला वाटेला लावण्यासाठी दिलेली असतात.

स्त्रियांच्या बाबतीत ही रीत बरीच बदलते. सोप्यात बसून आज्जीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नवरा किंवा मुलगा देतो. दुष्काळात खडी फोडायला आणि माती वाहायला बायकाही मोठ्या संख्येने होत्या, त्यामुळे हे नुकसान किरकोळ नाही. आज्जीच्या गप्पा ती शेंगा फोडत असताना, भाजी निवडत असताना, शक्यतो स्त्री अभ्यासकाने, आत चुलीजवळ बसून सुरू कराव्या लागतात आणि हातातले काम थांबवायला सांगू नये. काम थांबले की ती पदर सावरून ‘मला काय कळतंय, त्यांनाच विचारा’ म्हणते. शेंगा फोडण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो. तो येऊ द्यावा आणि यंत्र सुपापासून हातभर लांब ठेवावे.