वेशभूषेची नोटीस : चेंबूरच्या प्रकरणाची पार्श्वभूमी आणि मसुद्यातले धडे

जून उजाडला की महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर वेशभूषेच्या नोटिसा लागतात. हल्ली अशा बहुतेक नोटिसांत नियमासोबत कारणही दिलेले असते आणि ‘आढळल्यास कारवाई’च्या जागी ‘सहकार्य अपेक्षित आहे’ असे शब्द येतात. हा बदल नुसत्या सौजन्यातून आलेला नाही. नोटीस न्यायालयात गेली की ती कलमागणिक वाचली जाते, हे मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाच्या प्रकरणाने सगळ्यांना दाखवून दिले.

सुरुवात पदवी वर्गांपासून झाली नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये याच महाविद्यालयाच्या कनिष्ठ विभागात गणवेश लागू झाला आणि बुरखा घालून आलेल्या मुलींना फाटकावर अडवले गेले. पालक जमले, पोलीस आले. आत येऊन ठरलेल्या खोलीत बुरखा काढायचा आणि मग वर्गात जायचे, असा मार्ग त्या वेळी निघाला. पुढच्या वर्षी मे २०२४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सूचना निघाली. ती पोहोचली व्हॉट्सॲपवर, आणि तीही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला जाणाऱ्या, म्हणजे आधीच प्रवेश घेऊन शिकत असलेल्या मुलामुलींना. पोशाख औपचारिक आणि सभ्य असावा. बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बिल्ला, स्टोल आवारात चालणार नाही, असा तिचा आशय होता. विज्ञान शाखेच्या नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या.

न्यायालयासमोरची वाट मात्र आधीच मळलेली होती. २००३ च्या सुमारास याच उच्च न्यायालयाने, फक्त मुलींच्याच शाळेत डोक्यावर रुमाल न बांधण्याची अट धर्मस्वातंत्र्याच्या आड येत नाही, असे म्हटले होते. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका खासगी शाळेच्या बाबतीत, विद्यार्थिनीची वैयक्तिक निवड आणि संस्थेचा कारभार चालवण्याचा अधिकार समोरासमोर आले तर संस्थेचे व्यापक हित वरचढ ठरते, असा निकाल दिला. १५ मार्च २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने राज्य सरकारचा गणवेशाचा आदेश उचलून धरला. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, पण १३ ऑक्टोबर २०२२ रोजी न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. सुधांशू धुलिया यांची मते परस्परविरोधी पडली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा लागला. म्हणजे चेंबूरची नोटीस निघाली तेव्हा मूळ प्रश्नावर शेवटचा शब्द कोणीच दिलेला नव्हता. हाताशी होते ते उच्च न्यायालयांचे निकाल, आणि ते संस्थांच्या बाजूचे होते.

२६ जून २०२४ रोजी न्या. अतुल चांदूरकर आणि न्या. राजेश पाटील यांच्या खंडपीठाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. निकालात वजन कशाला मिळाले हे नोटीस लिहिणाऱ्याने नीट पाहावे. नियम जात-धर्म न पाहता सर्वांना लागू आहे. पोशाखातून धर्म उघड होऊ नये आणि लक्ष अभ्यासावर राहावे हा त्यामागचा हेतू आहे. आणि शिस्त राखणे हा संस्थेच्या प्रशासनाचा भाग आहे, हे तीन मुद्दे न्यायालयाने मान्य केले. हिजाब धर्माचा अनिवार्य भाग असल्याच्या दाव्याला पुरेसा आधार मांडलेला नाही, असेही म्हटले. नोटिशीत कारण लिहिलेले होते म्हणून ते तपासता आले. कारणाशिवायची नोटीस वकिलाला न्यायालयात नव्याने सजवावी लागते, आणि ते कष्ट दिसतात.

दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयाने आणखी एक सूचना काढली. आता फाटक्या जीन्स, टी-शर्ट, अंगप्रदर्शन करणारे कपडे आणि जर्सीही बंद. मुलांनी शर्ट-पँट, मुलींनी कोणताही भारतीय किंवा पाश्चात्त्य पोशाख घालावा. धर्म दाखवणारे वा सांस्कृतिक विषमता दाखवणारे काही नको. नकाब, बुरखा वगैरे तळमजल्यावरच्या खोलीत काढून मगच आवारात फिरावे. खोली कोणती हे सांगणे या नोटिशीचे सर्वांत उपयोगी वाक्य होते. बुरखा घालून आलेल्या मुलीला कुठे थांबायचे, कुठे बदलायचे हे त्यातून कळत होते. याउलट ‘सांस्कृतिक विषमता’ कशी ओळखायची, ते फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने ठरवायचे. असे शब्द तिथेच अडखळतात: एका पाळीचा रक्षक एक अर्थ लावतो, दुसऱ्या पाळीचा दुसरा, आणि एकच कुर्ता सोमवारी चालतो, मंगळवारी चालत नाही.

उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ९ ऑगस्ट २०२४ रोजी तिथे न्या. संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांच्यासमोर प्रश्न अडला तो नोटिशीच्या हेतूपाशीच. धर्म उघड होऊ नये हाच हेतू असेल तर नावावरून धर्म कळत नाही का, आणि टिळा-टिकलीवर बंदी का नाही, असे न्यायमूर्तींनी विचारले. हिजाब, टोपी आणि बिल्ला यांवर बंदी घालणाऱ्या भागाला अंतरिम स्थगिती मिळाली. वर्गात बुरखा चालणार नाही हे मात्र कायम राहिले आणि स्थगितीचा कोणी गैरफायदा घेऊ नये, असेही न्यायालयाने बजावले. अख्खी नोटीस रद्द झाली नाही. दिलेले कारण आणि केलेली यादी जिथे जुळत नव्हती, तेवढ्याच जागी ती फाटली, असे आमचे वाचन आहे.

म्हणून मसुदा करताना प्रत्येक कलमाला त्याचे स्वतःचे कारण जोडावे, आणि त्या कारणात बसणाऱ्या सगळ्या गोष्टी यादीत आहेत का, हे उलट बाजूने तपासावे. स्टोलचेच घ्या. ‘आवारात स्टोल नको’ या वाक्याला धड आधार सापडत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो लगेच सापडतो: लोंबते टोक बर्नरच्या ज्वाळेत जाते आणि कृत्रिम धाग्याचे कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते. मग कलम असे लिहिता येते:

‘प्रयोगशाळेत सुती एप्रन आणि पुढून बंद पादत्राणे आवश्यक आहेत. केस बांधलेले असावेत. ओढणी, स्टोल किंवा डोक्यावरचा रुमाल वापरत असल्यास त्याची टोके एप्रनच्या आत खोचावीत. सैल कापड ज्वाळेत सापडून भाजण्याचा धोका असतो. ज्यांना अडचण असेल त्यांनी प्रात्यक्षिकाआधी विभागप्रमुखांशी बोलावे.’

यात कोणाच्या धर्माचे नाव नाही, मुलगा-मुलगी हा भेद नाही, आणि पाळले गेले की नाही हे कोणालाही पाहून सांगता येते. चेहरा ओळखपत्राशी जुळवण्याचे कलमही असेच सुटते: परीक्षेच्या दारात चेहरा दाखवावा, हवे असल्यास स्त्री कर्मचाऱ्याकडून स्वतंत्र खोलीत तपासणी होईल. ‘सभ्य’ऐवजी ‘गुडघ्याखाली येणारा पोशाख’ असे मोजता येणारे शब्द वापरले की वाद कमी होतात. पण तशा प्रत्येक मोजमापालाही कारण लागतेच, आणि ते सुचत नसेल तर कलम गाळलेले बरे.

मुदतीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. नियम प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत आधी छापलेला असेल तर विद्यार्थी तो वाचून प्रवेश घेतो. अर्ध्या अभ्यासक्रमात लावलेल्या नियमाला ‘आम्ही यासाठी प्रवेश घेतला नव्हता’ हे उत्तर मिळतेच, म्हणून चालू तुकड्यांना किमान एक सत्र द्यावे आणि नवा नियम पहिल्या वर्षापासून लावावा. सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर दिनांक व क्रमांकासह लावावी, व्हॉट्सॲप फक्त आठवणीसाठी. आणि नियम मोडल्यास पहिल्यांदा काय होणार, हेही तिच्यातच लिहावे: वर्गाबाहेर काढणे की लेखी समज. ते न लिहिल्यास उत्तर फाटकावरच मिळते, आणि त्या दिवशीची हजेरी बुडाली तर तिचा हिशेब परीक्षेच्या अर्जापर्यंत जातो.