‘ईडी’ प्रत्ययाचे उच्चार : ट, ड आणि इड

इंग्रजीतील नियमित क्रियापदांचा भूतकाळ लिहिताना शेवटी ‘ई’ आणि ‘डी’ ही दोन अक्षरे जोडतात. लिहिताना हा प्रत्यय एकच असला, तरी बोलताना त्याचे तीन उच्चार होतात : ‘वॉक’चे वॉक्ट, ‘प्ले’चे प्लेड आणि ‘वाँट’चे वाँटिड. कोणत्या क्रियापदाला कोणता उच्चार लागतो, हे मूळ क्रियापदाच्या शेवटच्या ध्वनीवर ठरते. शेवटच्या अक्षराचा त्याच्याशी संबंध नसतो, आणि वर्गीकरणातल्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

वर्गीकरण करताना आधी एकच प्रश्न विचारावा : शब्द ट किंवा ड या ध्वनीवर संपतो का? संपत असेल तर उच्चार ‘इड’. ‘वाँट’ला आणखी एक ट जोडला, तर दोन ट एकमेकांत मिसळून जातील आणि भूतकाळ कानाला कळणारच नाही, म्हणून मध्ये ‘इ’ येतो आणि शब्दाचा एक सिलॅबल वाढतो. ‘नीड’चे नीडिड, ‘स्टार्ट’चे स्टार्टिड होते ते याच कारणाने. ही पायरी पहिलीच असायला हवी, कारण ट स्वतः कठोर व्यंजन आहे आणि पुढचा नियम आधी लावला तर तो चुकीच्या गटात जाऊन बसतो.

उरलेल्या क्रियापदांची वाटणी कठोर आणि मृदू ध्वनींत होते. इथे मराठी वाचकाची अर्धी तयारी शाळेतल्या वर्णमालेनेच झालेली असते. वर्गातील पहिली दोन व्यंजने, म्हणजे क, च, थ, प, फ यांसारखी, आणि त्यांच्या जोडीला श, स हे कठोर, त्यांच्यानंतर ‘ट’. वर्गातील तिसरे, चौथे व पाचवे व्यंजन, तसेच र, ल, व आणि सगळे स्वर यांच्यानंतर ‘ड’. शंका आलीच तर गळ्यावर बोट ठेवून शेवटचा ध्वनी लांबवावा : ‘स्स्स’ म्हणताना गळा शांत राहतो, ‘झ्झ्झ’ म्हणताना थरथरतो.

असे का होते, हे संधीच्या नियमांवरून लक्षात येईल. ‘विपद्’ आणि ‘काल’ मिळून ‘विपत्काल’ होते, म्हणजे पुढच्या कठोर वर्णामुळे मागचा मृदू वर्ण कठोर बनतो. इंग्रजीत ओढ उलट दिशेने आहे : इथे मागचा ध्वनी पुढच्या प्रत्ययाला आपल्यासारखा करून घेतो.

‘रेस’ आणि ‘रेझ’ ही जोडी घेऊन पाहू. पहिल्याचा अर्थ शर्यतीत धावणे, दुसऱ्याचा वर उचलणे. स्पेलिंगमध्ये पहिल्यात ‘सी’ आहे आणि दुसऱ्यात ‘एस’, त्यामुळे अक्षर पाहणारा दुसऱ्याला बेधडक ‘ट’च्या गटात टाकतो. प्रत्यक्षात ‘रेझ’च्या शेवटी गळा थरथरतो, म्हणून रेझ्ड, ‘रेस’चे मात्र रेस्ट. ‘लाफ’ची गंमत तर आणखी वेगळी : लिहिताना शेवटी ‘जी’ आणि ‘एच’, ऐकू येतो फ, म्हणून लाफ्ट. ‘यूझ’ म्हणजे वापरणे, त्याचे यूझ्ड. पण जुनी सवय सांगणाऱ्या ‘यूस्ट टू’मध्ये ध्वनी स आहे, म्हणून तिथे ट. स्पेलिंग दोन्हीकडे अगदी सारखे.

शिकणाऱ्यांकडून ट आणि ड यांची अदलाबदल झाली, तरी ऐकणारा सहसा अडखळत नाही. मोठी चूक ‘वॉकेड’, ‘लाफेड’ असा जादा सिलॅबल घालण्याची आहे, आणि ती ओळखायला टाळी पुरते : ‘हेल्प’ला एक टाळी, ‘हेल्प्ट’लाही एकच, ‘वाँटिड’ला मात्र दोन. शेवटचा ट किंवा ड नीट ऐकू येत नसेल, तर पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडावा. ‘स्टॉप्ट इट’ सलग म्हटले की ‘स्टॉप्टिट’ होते आणि ट उघडा पडतो. उलट ‘वॉक्ट टू’मध्ये तो पुढच्या ट मध्ये बुडून जातो, त्यामुळे असे वाक्य कान तयार करण्यासाठी निरुपयोगी.

इंग्रजी मातृभाषा असलेल्या लहान मुलांना हा नियम पाठांतराशिवाय येतो, पण सगळा एकदम नाही. 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जीन बर्को यांनी मुलांना ‘रिक’ आणि ‘मॉट’ अशी बनावट क्रियापदे दिली. ‘रिक’चे रिक्ट बहुतेकांनी केले, ‘मॉट’चे मॉटिड मात्र निम्म्याहून कमी मुलांना जमले. शब्द आधीच ट वर संपत असल्याने तो भूतकाळातच आहे असे मुलांना वाटत असावे.

जुन्या इंग्रजीच्या काळापासून बरीच शतके या प्रत्ययातला स्वर बहुतेक ठिकाणी उच्चारला जात असे; पुढे ट आणि ड नंतर सोडून तो गळाला. काही विशेषणांत मात्र तो टिकला आहे. ‘लर्न’ क्रियापदाचा भूतकाळ लर्न्ड, पण ‘विद्वान’ या अर्थाचे विशेषण ‘लर्निड’. तसेच ‘आशीर्वाद दिला’ या अर्थी ब्लेस्ट आणि ‘पवित्र’ या अर्थी ‘ब्लेसिड’. असे शब्द क्रियापदांच्या यादीत मिसळले की वरची चाचणी फसते, म्हणून ते आधीच बाजूला काढावेत.