फ्रिजच्या दाराचे गॅस्केट काढणे
फ्रिजच्या दाराच्या आतील कडेने बसवलेली, लवचीक पीव्हीसीची आणि पोटात चुंबकीय पट्टी असलेली चौकट जीर्ण झाल्यावर तिच्या खाचेतून ओढून काढण्याची ही क्रिया आहे. बोलण्यात या चौकटीला, म्हणजे गॅस्केटला, ‘फ्रिजचे रबर’ म्हणतात, मात्र आजचे गॅस्केट बहुधा रबराचे नसते.

चुंबकीय गॅस्केट अमेरिकेतील 1956 च्या फ्रिज सुरक्षा कायद्यामुळे आले, असे सरसकट सांगितले जाते. जुन्या खटक्याच्या दारांमागे मुले अडकून गुदमरत असत, म्हणून 30 ऑक्टोबर 1958 नंतरच्या घरगुती फ्रिजचे दार आतून सहज उघडता आले पाहिजे, अशी अट त्या कायद्याने घातली. तीत चुंबकाची सक्ती मात्र नव्हती. बेरियम फेराइटसारखे स्वस्त चुंबकीय द्रव्य 1950 च्या दशकाच्या आरंभी उपलब्ध झाले होते. त्यामुळे कायद्याने बदलाला वेग दिला आणि द्रव्याने तो शक्य केला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

काढण्याची रीत बांधणीवर ठरते. जुन्या दारांत गॅस्केटची आतली कड उचलली की तिच्याखाली स्क्रूंची रांग दिसते. हे स्क्रू फक्त सैल करावयाचे असतात. सगळे एकदम काढल्यास आतील प्लॅस्टिकचा पत्रा सुटतो आणि दार पिळवटते. नव्या बांधणीत स्क्रू नसतात. गॅस्केटच्या पाठीवर बाणाच्या टोकासारखा काटा असतो आणि तो खाचेत दाबून अडकवलेला असतो.

फ्रिजचा प्लग काढून, खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी. कोपरा चिमटीत धरून दाराच्या मध्याकडे तिरका, सावकाश ओढला की काटा एका बाजूने सुटतो आणि उरलेली पट्टी क्रमाने निघत येते. खरी अडचण जुनेपणाची असते. पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे निघून जाते, पट्टी कडक होते आणि ओढताना काटा तुटून खाचेतच राहतो. बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यात, जिथे पट्टी दर उघडझापीला घासते, असे वीतभर तुकडे तुटलेले आढळतात. अशा वेळी गरम पाण्यात पिळलेले फडके त्या जागेवर काही मिनिटे दाबून धरावे. तुकडा मऊ पडला की बोथट प्लॅस्टिकच्या पातीने तो एका टोकापासून उचलावा. धातूचा स्क्रूड्रायव्हर येथे घातक ठरतो, कारण खाचेची भिंत त्याच प्लॅस्टिकच्या पत्र्याची असते आणि तिला तडा गेला की नवा काटा तेथे धरत नाही.

राहिलेला तुकडा नजरेतून सुटला, तर नवे गॅस्केट नेमके तेवढ्याच ठिकाणी फुगून राहते. म्हणून साबणाच्या पाण्याने खाच पुसून, बोट फिरवून तपासतात. गॅस्केट आणि फ्रिजची कड यांच्यामध्ये कागदाची पट्टी ठेवून दार लावल्यावर ती ओढताना विरोधाशिवाय सरकली, तर दोष बहुधा त्या जागच्या खाचेत शोधावा. मात्र घडी पडून आलेले नवे गॅस्केट आधी कोमट पाण्यात सरळ केलेले असावे.