प्रवासाआधी फाईल्स ऑफलाइन करणं

लांबच्या प्रवासात नेटवर्क मिळणार नसेल तर क्लाउडवरच्या लागणाऱ्या फाईल्स आधीच फोनच्या स्टोरेजमध्ये उतरवून ठेवणं, याला फाईल ऑफलाइन करणं म्हणतात. हे न करता लोक निघतात कारण फाईल फोनमध्येच आहे असं वाटत असतं. ॲप उघडलं की नाव दिसतं, छोटं चित्र दिसतं, पण तेवढंच फोनमध्ये असतं, खरी फाईल सर्व्हरवर, आणि टॅप केल्यावर नेट नसेल तर नुसतं गोल गोल फिरत राहतं. काल उघडलेली फाईल आज नेटशिवाय उघडलीच तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये, ती कॅशेमध्ये, म्हणजे ॲपच्या तात्पुरत्या साठ्यात असते आणि जागा कमी पडली की ॲप न विचारता काढून टाकतं.

गूगल ड्राइव्हमध्ये फाईलच्या नावाशेजारच्या तीन टिंबांवर टॅप करून "Make available offline" निवडायचं. पण ते निवडलं म्हणजे फाईल लगेच आली असं नाही, ती फक्त रांगेत लागते, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सेटिंगमध्ये फक्त वायफायवरून ट्रान्सफर असं चालू असेल आणि तुम्ही मोबाईल डेटावर असाल तर रांग तशीच थांबून राहते. समजा तिकिटाची पीडीएफ, ओळखपत्राचा स्कॅन, खर्चाची शीट आणि ७०० एमबीचा एक व्हिडिओ घ्यायचाय. पहिल्या तीन फाईल्स काही सेकंदात येतात, व्हिडिओला १० एमबीपीएसच्या वायफायवरही साधारण १० मिनिटं लागतात, त्यामुळे दारातून निघताना हे काम सुरू केलं तर व्हिडिओ अर्धवटच राहणार. शीटमध्ये नेट नसतानाही आकडे भरता येतात, ते नेट आलं की सर्व्हरवर जातात. मात्र एखाद्या डॉक्युमेंटमध्ये दुसऱ्या फाईलची लिंक असेल तर ती दुसरी फाईल आपोआप येत नाही, ती वेगळी ऑफलाइन करावी लागते.

खात्री करायची तर आदल्या रात्रीच, म्हणजे काही राहिलं असेल तर आणायला वेळ मिळतो. एअरप्लेन मोड लावायचा, वायफाय वेगळं बंद झालंय ना ते बघायचं कारण बऱ्याच फोनवर ते चालूच राहतं, ॲप रिसेंटमधून काढून परत उघडायचं आणि प्रत्येक फाईल शेवटच्या पानापर्यंत सरकवून बघायची, व्हिडिओ असेल तर मधूनच पुढे ढकलून बघायचा.

अशी फाईल त्या ॲपच्या आतच राहते. ॲपचा डेटा क्लिअर केला किंवा लॉगआऊट झालात तर ती जाते. म्हणून तिकीट आणि ओळखपत्र, ज्यांच्यावाचून अडेल अशा दोनतीन फाईल्स, डाउनलोड करून फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्येही ठेवाव्यात. नंतर तिकिटात बदल झाला तर तिथली कॉपी जुनीच राहते, तेवढी परत उतरवून घ्यायची.