वयोगटानुसार भारांकन

सर्वेक्षणात एखाद्या वयोगटाचे उत्तरदाते लोकसंख्येतील वाट्याहून जास्त आले, तर त्यांच्या प्रत्येक उत्तराचे वजन कमी आणि कमी आलेल्या गटाच्या उत्तराचे वजन जास्त धरून निष्कर्ष काढण्याची पद्धत. या वजनाला ‘भार’ म्हणतात. गटाच्या लोकसंख्येतील वाट्याला त्याच्या नमुन्यातील वाट्याने भागले की भार मिळतो.

समजा, नागपुरात मेट्रोच्या वापराबद्दलचा फॉर्म मोबाइलवरून फिरवला. तो कॉलेजच्या ग्रुपांत भराभर पसरला आणि १,००० उत्तरांपैकी ६०० उत्तरे १८ ते २९ वयाच्या तरुणांची आली. ३० ते ४९ वयाची ३०० आणि पन्नाशीपुढची १००. शहरातल्या प्रौढांत या गटांचे वाटे अनुक्रमे ३०, ४० आणि ३० टक्के धरू (हे आकडे केवळ गणितापुरते). मग भार येतात ०.५, १.३३ आणि ३. आठवड्यातून एकदा तरी मेट्रोने जाणारे या गटांत ५०, ३० आणि १० टक्के निघाले, तर नुसती बेरीज ४० टक्के सांगते. भार लावल्यावर ३० टक्के उरतात.

लोकसंख्येचा वाटा काढताना हमखास चूक होते ती छेदात. फॉर्म अठरा वर्षांवरील लोकांसाठी असेल, तर छेदातही तेवढेच लोक हवेत. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती, पण तीत लहान मुलेही आहेत. शिवाय तेव्हाचा पंचविशीतला माणूस आता पुढच्या गटात गेला आहे, त्यामुळे ते वयवाटे जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

भार लावण्याची किंमतही मोजावी लागते. वरच्या उदाहरणात हजारही उत्तरांच्या भारांच्या बेरजेचा वर्ग त्याच भारांच्या वर्गांच्या बेरजेने भागला, तर सुमारे ६३२ येतात. अचूकतेच्या हिशेबाने हजार उत्तरांचे बळ एवढेच उरले. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी रूढ केलेले हे सूत्र प्रत्येक अहवालात दिसायला हवे.

खरी अडचण मात्र गणिताबाहेरची आहे. पन्नाशीपुढचे ते शंभर जण फॉर्म भरू शकले, म्हणजे त्यांच्याकडे स्मार्टफोन होता आणि तो सराईतपणे वापरण्याची सवयही. ते बहुतेक धरमपेठेतले निवृत्त नोकरदार असतील, तर तिप्पट होतो तो त्यांचाच आवाज. इतवारीतला साठीचा हमाल तरीही गैरहजरच राहतो. हे ओळखायचे, तर फॉर्ममध्ये शिक्षणाचा प्रश्न ठेवावा आणि भार लावल्यानंतरचे उत्तर त्याच वयोगटाच्या अधिकृत आकडेवारीशी ताडून पाहावे. पन्नाशीपुढच्या गटात पदवीधरच पदवीधर दिसले, तर वयाचा भार पुरेसा नाही. मग वयासोबत शिक्षणाचाही भार लावता येतो. पण कमी शिकलेले चार-पाचच सापडले असतील, तर एकेकाच्या उत्तरावर टक्केवारी डोलू लागते. अशा वेळी कागदी फॉर्म घेऊन इतवारी-महालात जाऊन उत्तरे गोळा करणे हाच उपाय राहतो.