बॅनर रिसाइज करणं आणि बॅनर परत मांडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

मी लातूरला डिझाइनचं काम करते. औसा रोडच्या एका फर्निचरवाल्यांनी दिवाळीआधी ऑनलाइन सेल ठेवला होता, त्याचे सहा साइजचे बॅनर करायचे होते, बातमीच्या वेबसाइटवर दिसतात तसले, आणि पहिल्याच फोनला ते म्हणाले, "ताई, एकच तर डिझाइन हाय की, तेच लहान-मोठं करून द्या, त्याला दोन दिवस कशाला पायजेत?" हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक क्लायंटकडून येतो आणि नवीन मुलंपण असंच समजून चालतात, म्हणून जरा नीट सांगते.

रिसाइज म्हणजे आहे तेच चित्र त्याच प्रमाणात लहान किंवा मोठं करणं. परत मांडणं म्हणजे निरोप तोच ठेवायचा पण फोटो, अक्षरं, बटन, दुकानाचं नाव हे सगळं त्या त्या चौकटीत नव्यानं बसवायचं, काही मोठं करायचं, काही काढूनच टाकायचं. दोन्हींमधून शेवटी सहा फाइली निघतात, एकाच कुटुंबातल्या वाटतात, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

कधी कुठलं करायचं हे चौकटीच्या आकारावर ठरतं. साइज लिहिताना पहिला आकडा रुंदीचा, दुसरा उंचीचा, दोन्ही पिक्सेलमध्ये. रुंदीला उंचीनं भागायचं, बस. 300×250 चं उत्तर येतं 1.2, आणि 336×280 चंपण बरोबर 1.2. म्हणजे या दोघांत सरळ रिसाइज करा, काहीच बिघडत नाही, मी पण तेच करते. पण 728×90 चं उत्तर आठच्या वर जातं, 320×50 चं 6.4 येतं आणि 160×600 तर उभा खांब आहे, तिथं उत्तर एकपेक्षापण कमी. तिथं रिसाइज चालतच नाही.

का चालत नाही ते एकदा करूनच बघा. समजा 300×250 च्या बॅनरमध्ये "सोफ्यावर" हा शब्द 26 पिक्सेलचा ठेवलाय. तो अख्खा बॅनर 320×50 मध्ये बसवायचा तर उंची पाचपट कमी करावी लागते, म्हणजे बॅनर होतो 60×50 चा, आजूबाजूला 260 पिक्सेल मोकळे, आणि ते 26 चं अक्षर होतं साधारण पाच पिक्सेलचं. पाच पिक्सेलमध्ये देवनागरी वाचताच येत नाही, कारण आपल्या अक्षरात शिरोरेषा, वरची मात्रा, खालचा उकार असे मजले असतात, इंग्रजी अक्षर तेवढ्यात कसंबसं ओळखू येतं पण आपलं "फ्या" म्हणजे नुसता काळा ठिपका दिसतो. मग काही जण काय करतात, मोकळी जागा दिसू नये म्हणून बॅनर आडवा ताणतात. 728×90 साठी ताणला तर रुंदी जवळपास अडीचपट वाढते आणि उंची तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते, सोफा चेपून सतरंजी होतो, आणि ज्याला वीस-पंचवीस हजाराचा सोफा घ्यायचाय त्याला सोफ्याचा आकारच जर दिसत नसेल तर तो कशाला बटन दाबेल.

आता परत मांडायचं म्हणजे नेमकं काय, तर आधी निरोप एक करावा लागतो, आणि खरी मेहनत इथंच आहे. शेठजींनी मला वहीच्या पानावर लिहून पाठवलं होतं: सोफा, पलंग, कपाट सगळ्यावर 30 टक्क्यांपर्यंत सूट, हप्त्याची सोय, धाराशिव-नांदेड-बीडला मोफत पोच, जुना सोफा बदलून मिळेल, 26 तारखेपर्यंत. हे पाच-सहा निरोप आहेत, एक नाही. पत्रकावर सगळं छापता येतं कारण पत्रक माणूस हातात घेतो, पण बॅनर तर बातमी वाचता वाचता डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो.

मी सगळ्यात लहान साइजपासून सुरुवात करते. बहुतेक जण 300×250 पासून करतात, कारण ते मांडायला सोपं जातं, पण तिथं जागा थोडी बरी असते म्हणून नको ते पण बसून जातं आणि मग लहान साइजला आल्यावर काय काढायचं यावरून क्लायंटशी ओढाताण होते. 320×50 समोर ठेवलं की उत्तर लगेच मिळतं. 18-20 पिक्सेलच्या अक्षरात तिथं मोजक्या शब्दांची एक ओळ बसते, बाजूला दुकानाचं नाव आणि एक बटन, संपलं. मी शेठजींना तीच पट्टी व्हॉट्सॲपवर पाठवली आणि म्हटलं, यात मावेल ते सांगा. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "मग सोफाच धरा, दिवाळीला सोफाच जास्त चालतो." असा निरोप ठरला: सोफ्यावर 30% सूट.

पण इथं एक गोष्ट आली जी मला दोन वर्षांपूर्वी महागात पडली होती. तेव्हा दुसऱ्या एका दुकानाचा बॅनर करताना मी लहान साइजमध्ये जागा नाही म्हणून "पर्यंत" हा शब्द काढला. मोठ्या बॅनरवर "40 टक्क्यांपर्यंत सूट" आणि लहानावर "40% सूट". मला वाटलं निरोप तोच आहे. तो तोच नव्हता, 40 टक्के फक्त दोन जुन्या मॉडेलवर होते, बाकीच्यावर दहा-पंधरा, आणि गिऱ्हाईक मोबाइलवरचा लहान बॅनर दाखवून भांडायला आले, त्यांचं काही चुकलं नव्हतं. रिसाइजमध्ये हा धोका नसतो, तिथं शब्द सगळे असतात, फक्त वाचता येत नाहीत. परत मांडताना शब्द गळतात, आणि कोणता शब्द गळला तर गोष्ट खोटी होते हे डिझाइनरनंच बघायचं असतं. म्हणून मी आता अट असलेला निरोप घेतच नाही. शेठजींना विचारलं की सरसकट किती देता येईल, त्यांनी हिशोब केला आणि तीन सीटच्या सगळ्या सोफ्यांवर सरळ 30 देतो म्हणाले. मी फोटोपण तीन सीटचाच लावला, आणि सिंगल सीटवर 30 नाही म्हटल्यावर शब्दातपण "सोफ्यावर" च्या ऐवजी "3 सीटर सोफा" केलं. ओळ थोडी लांबली, पण पट्टीत बसली. फायनल ओळ झाली "3 सीटर सोफा, 30% सूट", आणि ती एक अक्षर न बदलता सहाच्या सहा साइजमध्ये गेली.

आता मांडणी. 320×50 मध्ये डावीकडं दुकानाचं नाव, मधे ओळ, उजवीकडं "बघा" बटन. फोटो नाही. शेठजींना फोटो हवा होता, पण 40 पिक्सेल उंचीचा सोफा घातला तर 90 पिक्सेल रुंदी त्यालाच जाते, मग नाव तरी काढा नाहीतर अक्षर तरी बारीक करा, आणि ओळीत "सोफा" हा शब्द असताना एवढ्याशा चित्रानं वेगळं काही कळत नाही. नाव काढलं तर मात्र जाहिरात कुणाची हेच कळत नाही.

728×90 सोफ्यासाठी बनलेलाच आहे म्हणा, दोघंपण आडवे. डावीकडं अख्खा सोफा, मधे 30-32 पिक्सेलची ओळ, तिच्याखाली लहान अक्षरात "26 तारखेपर्यंत", उजवीकडं नाव आणि बटन. वरचा उजवा कोपरा मात्र मोकळा सोडायचा, तिथं जाहिरात दाखवणारे बऱ्याचदा आपली छोटी खूण नाहीतर बंद करायची फुली टाकतात आणि खाली अक्षर असेल तर ते झाकून जातं.

सगळ्यात अवघड 160×600. दोन्हीकडं 12 पिक्सेल सोडले तर हातात राहतात 136. अख्खा सोफा घातला तर तो जेमतेम 60 पिक्सेल उंच होतो, सहाशेच्या खांबात आगपेटी चिकटवल्यासारखा. मी तिथं सोफा मोठा करून उजव्या कडेतून बाहेर जाऊ दिला, म्हणजे एक हात, एक उशी आणि अर्धी बैठक एवढंच दिसतं, पण कापडाची वीणसुद्धा दिसते आणि डोळा उरलेला सोफा आपोआप पूर्ण करतो. ओळ तिथं तीन मजल्यांत गेली: "3 सीटर सोफा" वर, मग "30%" ची अक्षरं खांबाच्या रुंदीला भिडतील एवढी मोठी, खाली "सूट". मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन टेकणार नाहीत एवढं अंतर ठेवायचं, अक्षराच्या दीडपटीच्या आसपास. 300×600 मध्ये जागा भरपूर आहे म्हणून मोफत पोच वगैरे घालायचा मोह होतो, शेठजींनी पण दोनदा विचारलं, मी नाही घातलं, सोफा मोठा केला.

मग सहा बॅनर एका घरचे दिसतात ते कशानं, तर मोजक्याच गोष्टींनी. मागचा गडद हिरवा रंग एकच, फॉन्ट एकच, बटन पिवळं आणि त्यावर शब्द "बघा" एकच, आणि जिथं फोटो आहे तिथं सोफा तोच. जागा बदलल्या तरी चालतात.

तपासायचं कसं तर झूम करून अजिबात नाही. कॉम्प्युटरवर आपण 300 टक्क्यांवर काम करत बसतो आणि सगळं छान दिसतं. 100 टक्क्यांवर आणा, मोबाइलवरच्या एखाद्या बातमीच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यावर बॅनर चिकटवा आणि फोन दुसऱ्याच्या हातात द्या. मी दुकानातल्या काउंटरवरच्या पोराला दिला, दोन सेकंदांनी काढून घेतला आणि विचारलं काय होतं. तो म्हणाला, "सोफा, तीस टक्के." त्याला दुकानाचं नाव आठवलं नाही, मग मी नाव थोडं जाड केलं.

फाइलचं वजनपण बघा, गूगलवर अपलोड करायच्या तयार बॅनरला वजनाची मर्यादा असते. फोटो असलेला बॅनर पीएनजीमध्ये काढला की तो उगाच जड होतो, जेपीजीमध्ये काढा. आणि बटन दाबल्यावर उघडणाऱ्या पानावर सगळ्यात वर तीच ओळ, तोच सोफा पाहिजे, दुकानाचं मुख्य पान नको.

सेल शेवटी तीन दिवस वाढवला. तारीख 320×50 वर नव्हतीच, म्हणून ती फाइल तशीच चालू राहिली. उरलेल्या पाचांत "26" चं "29" करायला अर्धा तासपण लागला नाही, कारण तारीख प्रत्येक ठिकाणी वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या लेयरवर ठेवली होती.