रात्रीचे भावनिक खाणे

रात्रीचे जेवण झाल्यावर, पोटाला गरज नसताना, मनातला ताण, एकटेपणा, कंटाळा किंवा दिवसभराचा शिणवटा हलका व्हावा म्हणून जे खाल्ले जाते, त्याला रात्रीचे भावनिक खाणे म्हणतात. घरात कोणी त्याला असे नाव देत नाही; ‘तोंडात टाकायला काहीतरी हवंय’ एवढेच म्हटले जाते, आणि चिवड्याचा, शंकरपाळ्यांचा किंवा बिस्किटांचा डबा उघडला जातो. हे खाणे बहुधा ओट्यापाशी उभ्याने, डब्यातूनच आणि घर झोपल्यावर होते. ही सवय म्हणजे आजार नव्हे. रडणाऱ्या बाळाला पाजून शांत केले जाते, पडलेल्या मुलाच्या हातावर गूळ ठेवला जातो. त्यामुळे खाण्याने जीव निवतो हे माणूस बोलता येण्याआधीच शिकलेला असतो. अडचण येते ती निवण्याचा दुसरा मार्ग उरत नाही तेव्हा, किंवा खाल्ल्यानंतरची खंत आधीच्या दुःखापेक्षा जड होते तेव्हा.

पोटाची भूक आणि मनाची हुरहुर यांत गल्लत होऊ शकते, हा विचार मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रूख यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ठामपणे मांडला. प्रत्यक्षात ही गल्लत ओळखायला एक साधी खूण उपयोगी पडते. पोटाची भूक हळूहळू वाढते, आणि समोर भाकरी आली तरी ती भाकरीवर भागते. हुरहुर मात्र एकाएकी येते, तिला ठराविकच पदार्थ हवा असतो, आणि पोट तुडुंब झाले तरी ती थांबतेच असे नाही. म्हणून रात्री अकराला ‘आत्ता वरणभात चालेल का?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘हो’ आले, तर ती बहुधा भूकच आहे आणि वरणभात खाणे हाच तिच्यावरचा योग्य उपाय आहे. ‘नाही, चिवडाच हवा’ असे उत्तर आले, तर मागणी दुसरीकडून आलेली असण्याची शक्यता जास्त. ही खूण अचूक नाही. अनेक रात्री दोन्ही गोष्टी एकत्र असतात, आणि तिकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

ही ओढ रात्रीच का जोर धरते, याची कारणे निव्वळ मनात शोधली तर चूक होते. शरीराच्या आतील घड्याळाचा भुकेशी संबंध आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी व्यक्तींना मंद उजेडाच्या प्रयोगशाळेत ठेवून त्यांच्या झोपण्या-जेवण्याच्या वेळा घड्याळापासून सोडवल्या गेल्या. तेव्हा असे दिसले की जेवण कधीही झालेले असो, भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते, आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची ओढही संध्याकाळीच चढते. झोप कमी पडली की भूक वाढते, ही त्यावरची भर. त्यामुळे रात्री खावेसे वाटणे हा मनाचा दुबळेपणा आहे, ही समजूत सोडून द्यायला हवी.

दुसरे कारण दिवसात दडलेले असते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तेच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. दिवसभर जो कमी खातो किंवा ठरवून स्वतःला अडवतो, त्याच्या हातून रात्री बांध फुटतो. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात सहभागी स्त्रियांना आधी मिल्कशेक पाजून मग हवे तेवढे आइस्क्रीम खायला दिले गेले. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या स्त्रियांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. नेहमी स्वतःला आवरणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्ले. ‘उपास मोडलाच आहे, तर आता पोटभर खाऊ’ असे आपल्याकडे जे घडते, तेच हे. म्हणून रात्रीचे खाणे थांबवण्यासाठी दुसऱ्या दिवशी कडक उपास धरणे हा सर्वांत प्रचलित उपाय सर्वांत घातकही ठरतो: सकाळी पश्चात्ताप, दुपारी उपाशी, संध्याकाळी चिडचिड आणि रात्री पुन्हा डबा, असे ते चक्र फिरत राहते.

खाण्याने खरोखर बरे वाटते का, याचे उत्तर ‘हो, पण थोडा वेळ, आणि त्या पदार्थामुळेच असे नव्हे’ असे द्यावे लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात लोकांना दुःखी करणारी दृश्ये दाखवली गेली. मग काहींना त्यांचा जीव निववणारा आवडता पदार्थ, काहींना तितकाच आवडता दुसरा पदार्थ, काहींना साधासा पदार्थ दिला गेला, आणि काहींना काहीच दिले गेले नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचे मन जवळपास सारखेच सावरले. लाट आपोआप ओसरत होती; श्रेय मात्र पदार्थाला मिळते. तरीही यावरून खाण्याचा आधार खोटा आहे, असे म्हणणे कठोरपणाचे होईल. एकसुरी चावणे, तोंडातली चव, घरात सगळे झोपल्यावर मिळालेला स्वतःचा एकमेव अर्धा तास, यांतला विसावा खरा असतो. पर्याय शोधताना त्या अर्ध्या तासाची जागा भरून काढावी लागते. केवळ डबा उंच फळीवर ठेवून भागत नाही.

आहारविषयक समुपदेशनात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून रचलेले एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीहून मुंबईला कामाला जाणारी एक पन्नाशीची बाई पहाटे पाचला उठते, सगळ्यांचे डबे भरते आणि स्वतः दोन कप चहावर गाडी पकडते. दीड वाजता दोन पोळ्या-भाजी, साडेपाचला चहा-बिस्किटे, आणि घरच्यांना वाढून झाल्यावर सव्वानऊला दहा मिनिटांत उरकलेले जेवण. सव्वाअकराला ती स्वयंपाकघरात असते आणि डब्यातला चिवडा पाहता पाहता पाव भागाने उतरतो. तिने दोन आठवडे एका वहीत फक्त तीन गोष्टी टिपल्या: किती वाजता खाल्ले, त्याआधीचे पोटभर खाणे कधी झाले होते, आणि त्या दिवशी काय घडले होते. काय खाल्ले याचा हिशोब मुद्दाम ठेवला नाही, कारण तो ठेवला की वही म्हणजे आरोपपत्र होते. बहुतेक नोंदी सकाळी न्याहारी न झालेल्या दिवसांच्या निघाल्या. उरलेल्या तीन मात्र, आईला कोणी सांभाळायचे यावरून भावाशी फोनवर बोलणे झाले त्या रात्रींच्या होत्या.

पहिल्या प्रकारच्या रात्रींवरचा इलाज दिवसा झाला. सकाळी निघण्याआधी शेंगदाण्याच्या चटणीसह एक पोळी किंवा वाटीभर उपमा, आणि संध्याकाळी साडेपाचला बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे व एक केळे, एवढाच बदल होता. दोन-तीन आठवड्यांत रात्रीची वखवख उतरली. दुसऱ्या प्रकारच्या रात्री मात्र तशाच राहिल्या, आणि राहणारच होत्या, कारण तिथे भूक नव्हतीच. न बोललेला राग आणि अपराधीपणा होता. त्या रात्रींसाठी तिने दोन गोष्टी केल्या. खायचे असेलच तर चिवडा वाटीत काढून, दिवा लावून, बसून खायचा, असे ठरवले. आणि भावाचा फोन आला की दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत धाकट्या बहिणीशी बोलायचे. वाटीने खाण्याचे प्रमाण कमी केले. बहिणीशी बोलण्याने त्या रात्रींची धार कमी केली. काही रात्री ती अजूनही खाते, आणि ते ठीक आहे.

वाटी घेऊन बसण्याचा हा मार्ग सौम्य पर्यायांतला सर्वांत साधा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा आहे. त्यात मनाई नसते, त्यामुळे बांध फुटण्याचा प्रश्न उरत नाही. डब्याला जसा शेवट दिसत नाही, तसा वाटीला दिसतो. आणि बसून खाल्ल्याने पहिल्या चार घासांची चव खरोखर लागते. दुसरा मार्ग थांबण्याचा आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अ‍ॅलन मार्लॅट यांनी रूढ केलेल्या पद्धतीत ओढीशी झगडायचे नसते, तर ती लाटेसारखी चढताना, टोकाला जाताना आणि उतरताना पाहायची असते. छातीत, घशात, जबड्यात ती कुठे जाणवते, याकडे दहा-पंधरा मिनिटे लक्ष द्यायचे आणि मग खायचे की नाही ते ठरवायचे. येथे एक चूक वारंवार होते: ही पंधरा मिनिटे शिक्षेसारखी, घड्याळाकडे डोळे लावून काढली जातात, आणि मग त्यानंतरचे खाणे बक्षीस होऊन बसते.

शरीराला थेट विसावा देणाऱ्या गोष्टींचा उपयोग त्या ओढीच्या आधी केल्यास जास्त होतो. जेवणानंतर ओटा आवरून झाला की स्वयंपाकघरातला दिवा मालवणे, कोमट पाण्याने पाय धुऊन तळपायांना तेल चोळणे, अंगावर जुनी मऊ गोधडी घेऊन गॅलरीत बसणे, या साध्या कृतींनी दिवस संपल्याची खूण शरीराला मिळते. रडू आले तर रडावे. पाणी पिऊन किंवा बडीशेप चघळून हुरहुर मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण पोट खरोखर रिकामे असेल तर तो भुकेची फसवणूक आहे आणि मध्यरात्री अधिक जोराने उलटतो. अशा वेळी कपभर गरम दूध किंवा थोडा दहीभात खाऊन झोपणे कितीतरी बरे. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांनी मात्र खाणे आणि आडवे होणे यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे.

काही वेळा हा प्रश्न सवयीच्या पलीकडचा असतो. अ‍ॅल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये रात्री खाण्याच्या विकाराचे वर्णन केले. या विकारात दिवसाच्या एकूण आहाराचा किमान चौथा भाग रात्रीच्या जेवणानंतर घेतला जातो, किंवा आठवड्यातून दोनदा तरी झोपेतून उठून खाल्ल्याशिवाय पुन्हा झोप लागत नाही. सकाळी भूक नसणे आणि मन उदास राहणे हेही सोबत दिसते. थोड्या वेळात ताबा सुटून खूप खाणे आणि असे दर आठवड्याला, तीन महिने घडणे, हा वेगळा विकार आहे. या दोन्हींवर विचारांची आणि वागण्याची घडी बदलायला शिकवणारे बोधात्मक वर्तनोपचार उपलब्ध आहेत, आणि सुरुवात करण्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. सकाळी ओट्यावर खाल्ल्याच्या खुणा दिसाव्यात आणि काहीच आठवू नये, असे घडत असेल, तर झोपेच्या गोळ्यांचा, विशेषतः झोल्पिडेमचा, तो परिणाम असू शकतो आणि डॉक्टरांना ते सांगायला हवे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत वरचे थांबण्याचे उपाय लागू नाहीत. रात्री अचानक भूक लागून घाम, हातांना कापरे, धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर ती रक्तातली साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि साखर वर आल्यावर पोळी किंवा भातासारखे काहीतरी खावे.